दुसऱ्या सिस्टरला आकडा सांगायचा नाही: इन्सुलिन आणि हेपॅरिनची दुबार तपासणी

"अक्का, सोळा बरोबर आहे न्हवं? बघा की जरा."

ज्युनिअर सिस्टरनं सिरिंज माझ्यासमोर धरली. लाल टोपणाची, इन्सुलिनची. काळ्या दट्ट्याची कड नेमकी १६ च्या रेघेवर. मी बघितलं, "हो, सोळा" म्हटलं आणि चार्टवर दुसरी सही केली. रात्रीच्या जेवणाची वेळ होती, वॉर्ड भरलेला होता, पाच-सहा सेकंदांत सगळं आटोपलं.

दोन तासांनी त्या आजोबांचा सदरा घामानं भिजला होता आणि ते मुलाला भलत्याच नावानं हाक मारत होते. ग्लुकोमीटरवर आकडा आला ४१. पंचवीस टक्क्यांचं डेक्स्ट्रोज १०० एमएल शिरेतून दिलं, पंधरा मिनिटांनी पुन्हा शुगर बघितली, मग रात्रभर तासातासाला. आजोबा सावरले.

चूक व्हायलमध्ये होती. आजोबांचे आधीचे उपचार कोल्हापूरला झालेले. मुलानं येताना तिथली इन्सुलिनची व्हायल पिशवीत आणली होती आणि आमचा साठा संपला म्हणून तीच वापरली गेली. तिच्यावर लिहिलं होतं १०० युनिट प्रति एमएल. आमच्या वॉर्डातल्या व्हायल नेहमी ४० च्या असत आणि लाल टोपणाची सिरिंजही ४० च्याच इन्सुलिनसाठी बनलेली असते. त्या सिरिंजवर १६ ची रेघ म्हणजे ०.४ एमएल. शंभरच्या व्हायलमधलं ०.४ एमएल म्हणजे ४० युनिट. ऑर्डर १६ ची होती, अंगात ४० गेलं.

सह्या दोघींच्या होत्या आणि तपासणी एकीचीही नव्हती. तिनं मला आकडा आधी सांगितला, मी तोच आकडा सिरिंजवर शोधला आणि तो सापडला. व्हायल मी हातातही घेतली नाही. त्या रात्रीनंतर मी जी पद्धत शिकले आणि आता आमच्या सिस्टरना शिकवते, ती इथं पायरीपायरीनं लिहिते.

कशासाठी करायची आणि कशासाठी नाही

सगळ्या औषधांना दोन सह्या लावल्या की एकाही औषधाची तपासणी होत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. सकाळच्या राऊंडला चाळीस इंजेक्शनं असतील तर दुसरी सिस्टर चाळीस वेळा थांबून गणित करणार नाही, ती सह्या करत सुटेल. म्हणून यादी छोटी ठेवा. आमच्याकडे इन्सुलिनची सलाईन किंवा पंप, हेपॅरिनचा बोलस आणि हेपॅरिनचा पंप या तीन गोष्टींना पूर्ण तपासणी आहे. पंपाचा रेट बदलताना, नवी सिरिंज लावताना आणि ड्युटी बदलताना ती पुन्हा होते. त्वचेखाली द्यायच्या इन्सुलिनला याच तपासणीचं छोटं रूप आहे, ते पुढं सांगते. तुमच्या हॉस्पिटलचा नियम यापेक्षा कडक असेल तर तो पाळा. नियमच नसेल तर एवढ्यावरून सुरुवात करा.

एक हेपॅरिनची ऑर्डर, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

चिकोडीकडची एक बाई, पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झालेली, वजन ६२ किलो. डॉक्टरांनी ऑर्डर लिहिली: हेपॅरिन किलोला ८० युनिट बोलस, मग किलोला ताशी १८ युनिट पंपावर. हिशेब करून पुढं लिहिलं, बोलस ५००० युनिट, पंप ताशी ११०० युनिट.

पहिली सिस्टर ट्रे तयार करते. आपलं गणित ती एका कागदावर लिहिते आणि कागद उलटा करून ट्रेखाली ठेवते. व्हायल, सिरिंज, पातळ करायला वापरलेली सलाईनची बाटली, यातलं काहीही फेकायचं नाही. रिकामी व्हायल कचऱ्यात गेली की तपासणीचा अर्धा पुरावा गेला. मग ती दुसऱ्या सिस्टरला बोलावते. बोलावताना एवढंच म्हणायचं: "अमुक बेडचं हेपॅरिन तपासायचंय." आकडा, डोस, रेट, काही नाही. "बरोबर आहे न्हवं?" हे तर अजिबात नाही. हा प्रश्नच माणसाला "हो" कडे ढकलतो. कानावर एकदा २२ पडलं की डोळ्यांना २२ च दिसायला लागतं, मग समोरची सिस्टर वीस वर्षं अनुभवाची असली तरी.

दुसरी सिस्टर ट्रेकडे येण्याआधी केस पेपरकडे जाते. तिला डॉक्टरांची मूळ ऑर्डर वाचायची असते. पहिलीनं ड्रग चार्टवर उतरवलेली नक्कल तिच्या कामाची नाही, कारण उतरवतानाच चूक झाली असेल तर नकलेतून ती कधी सापडणार नाही. वजन तिनं स्वतः बघायचं, आणि ते मोजलेलं आहे की अंदाजे लिहिलेलं तेही बघायचं. मग कोऱ्या कागदावर:

८० × ६२ = ४९६०, म्हणजे ५००० जवळपास ठीक.
१८ × ६२ = १११६, म्हणजे ११०० ठीक.

आता ट्रे. इथं हेपॅरिनचा खरा धोका समोर येतो. आपल्याकडे हेपॅरिनच्या ५ एमएलच्या व्हायल दोन ताकदींच्या मिळतात: एकीत एमएलला १००० युनिट, दुसरीत एमएलला ५००० युनिट. आकार तोच, द्रव तितकाच. पहिल्या व्हायलमध्ये एकूण ५००० युनिट, दुसरीत २५,०००. लेबलवर प्रति एमएलचा आकडा असतो तसा पूर्ण व्हायलचाही असतो, आणि घाईत "५०००" दिसलं की तो यातला कुठला हे डोकं ठरवतच नाही. बोलस ५००० युनिटचा आहे. हजारवाल्या व्हायलमधून तो पूर्ण ५ एमएल होतो. पाच हजारवालीतून १ एमएल. पाच हजारवाली व्हायल हजारवाली समजून पूर्ण ओढली तर बाईच्या शिरेत २५,००० युनिट जातील.

म्हणून दुसरी सिस्टर व्हायल हातात घेते, लेबल उजेडात फिरवते आणि दोन्ही आकडे स्वतःच्या कागदावर उतरवते: एमएलला किती आणि एकूण किती. मग सिरिंजमध्ये किती एमएल आहे ते बघते आणि उलटं गणित करते. इतके एमएल गुणिले एमएलला इतके युनिट, तर युनिट किती झाले? उत्तर ऑर्डरशी जुळायला हवं. लेबल बघायच्या आधीच "५ एमएल ना?" असं मनात आलं असेल तर थांबा, तो आकडा कालच्या पेशंटचा आहे.

पंपाच्या सिरिंजलाही तेच. आमच्या वॉर्डात पाच हजारवाली एक व्हायल, म्हणजे ५ एमएलमधले २५,००० युनिट, ४५ एमएल नॉर्मल सलाईनमध्ये घालून ५० एमएल करतात. एमएलला ५०० युनिट झाले. ताशी ११०० युनिट हवेत, तर ११०० ÷ ५०० = २.२. पंप ताशी २.२ एमएलवर.

आता एक अडचण बघा. काही ठिकाणी तेच २५,००० युनिट ५०० एमएलच्या बाटलीत घालतात. तिथं एमएलला ५० युनिट होतात आणि त्याच बाईचा रेट येतो ताशी २२ एमएल. दोन्ही पद्धती बरोबर आहेत. पण कालपर्यंत बाटलीच्या वॉर्डात काम केलेली सिस्टर आज सिरिंज पंपावर आली, तर तिच्या बोटांना २२ ची सवय असते. सिरिंज पंपावर २२ म्हणजे ताशी ११,००० युनिट, दहापट. यावर एक सोपा प्रश्न दुसऱ्या सिस्टरनं दर वेळी स्वतःला विचारायचा: ही सिरिंज किती तास पुरेल? ५० ला २.२ नं भागलं तर बावीस-तेवीस तास येतात. पंपावर २२ लागलं असेल तर सव्वादोन तासांत सिरिंज रिकामी होईल. हेपॅरिनची सिरिंज सव्वादोन तासांत संपणं हे कुणालाही खटकेल, दशांश चिन्ह नजरेतून निसटलं तरी तास निसटत नाहीत.

एवढं झाल्यावर दोघींनी आपापला कागद उलटायचा. आकडे शेजारीशेजारी ठेवायचे. जुळले तर पुढं जायचं. नाही जुळले तर कोण बरोबर यावर बोलायला लागायचं नाही. दोन्ही कागद बाजूला ठेवून दोघींनी मूळ ऑर्डरपासून परत, वेगवेगळ्या जागी बसून करायचं. पुन्हा फरक आला तर डॉक्टरांना फोन, औषध ट्रेमध्येच. या ठिकाणी मी एक नियम फार हट्टानं पाळायला लावते. "मी सीनिअर आहे, माझं बरोबर" यानं फरक मिटत नाही. आमच्या एका नव्या सिस्टरनं माझाच रेट चुकीचा काढून दाखवला होता. मी व्हायलच्या एकूण आकड्याला एमएलचा आकडा समजले होते.

शेवटची पायरी बेडशेजारी. ट्रेजवळ दोन सह्या करून एकीनं एकटीनं जाऊन पंप लावायचा, ही अर्धीच तपासणी. आपल्या भागात एका वॉर्डात तीन-तीन पाटील आणि दोन लक्ष्मी असतात, म्हणून नाव विचारून थांबायचं नाही, हातपट्टीवरचा आयपी नंबर केस पेपरशी ताडायचा. पेशंटनं स्वतः नाव सांगावं. "तुम्ही लक्ष्मीबाई ना?" असं विचारलं तर अर्धवट झोपेतली बाई कुणाच्याही नावाला मान हलवते. लाईन पंपापासून कॅन्युलापर्यंत बोटानं चाचपत जायचं. पंपावरचा रेट दुसरी सिस्टर स्वतः वाचते, पहिली वाचून दाखवत नाही. सुरू झाल्यावर सही, दोघींची, त्या मिनिटाची वेळ घालून.

सहा तासांनी एपीटीटीचा रिपोर्ट येतो आणि डॉक्टर रेट बदलतात. बहुतेक ठिकाणी नेमकं इथंच सैल होतं, कारण औषध तेच, सिरिंज तीच, फक्त एक आकडा बदलायचा. पण तो आकडा पंपात घालणारं बोट एकीचंच असतं. रेट बदलताना गणित दोघींनी नव्यानं करायचं, ऑर्डरमधल्या ताशी युनिटपासून.

इन्सुलिनची छोटी तपासणी

त्वचेखालच्या इन्सुलिनला एवढा पसारा नको. दुसऱ्या सिस्टरनं चार गोष्टी हातात घेऊन बघायच्या: मूळ ऑर्डर, ग्लुकोमीटरवरची आत्ताची शुगर, व्हायल, सिरिंज. आणि व्हायलवरचा आकडा सिरिंजवरच्या आकड्याशी जुळवायचा. चाळीसच्या व्हायलला लाल टोपण, शंभरच्या व्हायलला नारंगी टोपण. टोपण काढून टाकलं असेल तर सिरिंजच्या नळीवर ४० की १०० ते छापलेलं असतं, ते वाचायचं. टोपण ट्रेमध्ये ठेवायची सवय लावली तर काम सोपं होतं.

उलट्या बाजूची चूकही होते आणि ती लवकर कळत नाही. चाळीसची व्हायल नारंगी सिरिंजनं ओढली तर १० च्या रेघेवर ४ च युनिट जातात. पेशंट घामानं भिजत नाही, शुगर नुसती चढलेली राहते. डॉक्टर डोस वाढवत जातात, आणि एखाद्या दिवशी कुणीतरी बरोबर सिरिंज वापरतं. कारण नसताना शुगर उतरत नसेल तर डोसआधी सिरिंजचा डबा बघा.

पेनच्या कार्ट्रिजमधून सिरिंजनं इन्सुलिन ओढायचं नाही. कार्ट्रिज शंभरचं असतं आणि हाताशी असते लाल सिरिंज. सुई मिळाली नाही, पेन बिघडला, अशा कारणानं हे रात्री हमखास सुचतं.

इन्सुलिन स्वच्छ की गढूळ तेही दुसरीनं बघायचं. रेग्युलर पाण्यासारखं स्वच्छ, मिक्स गढूळ आणि तळहातांत घोळवून घ्यावं लागणारं. शिरेतून द्यायला गढूळ इन्सुलिन कधीच नाही. पण स्वच्छ दिसलं म्हणजे रेग्युलरच असं मात्र समजू नये. दिवसभर चालणारं ग्लार्जिनही स्वच्छच असतं, त्यामुळे नाव वाचल्याशिवाय सुटका नाही.

आणि ताट आलंय का? रेग्युलर इन्सुलिन जेवणाआधी साधारण अर्धा तास देतात. पेशंटला तपासणीसाठी उपाशी ठेवलं असेल तर आकडा अगदी बरोबर असला तरी इंजेक्शन चूक ठरतं. आमच्या वॉर्डातल्या मावशींना हे सगळ्यांत आधी ठाऊक असतं, त्यांना विचारायला लाजू नका.

तीन भाषांचा वॉर्ड

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या वॉर्डात ऑर्डर इंग्रजीत लिहिलेली असते, हँडओव्हर कानडीत होतो आणि पेशंटशी बोलणं मराठीत. यात आकडे घसरतात. फोनवर इंग्रजीतले सिक्स्टीन आणि सिक्स्टी शेवटचा सूर कापला की सारखेच ऐकू येतात. कानडीत सोळा हदिनारु आणि साठ अरवत्तु, तिथं गोंधळ नाही, पण ज्या सिस्टरची कानडी नवी आहे ती मनातल्या मनात भाषांतर करत असते आणि तेवढ्यात पुढचं वाक्य निघून जातं. मराठीत एकोणतीस की एकोणचाळीस यात आपलेच लोक अडखळतात.

आम्ही ठरवलंय की औषधाचा आकडा तोंडी द्यायचा झाला तर एकेक अंक सुटा बोलायचा. "एक, सहा. सोळा युनिट." ऐकणारीनं तो लिहायचा आणि लिहिलेलं वाचून दाखवायचं, "वन, सिक्स" म्हटलं तरी चालेल. ज्या भाषेत आकडा आला त्याच भाषेत परत जावा. आणि लिहिताना "युनिट" शब्द पूर्ण लिहायचा. युनिटऐवजी नुसतं इंग्रजी यू अक्षर आकड्याला चिकटलं की घाईच्या अक्षरात ते शून्य दिसतं, आणि ४ युनिटचे ४० होतात.

जे या तपासणीत सापडत नाही

दोघी एकाच चुकीच्या कागदावरून गणित करत असतील तर दोघींची उत्तरं जुळतील आणि दोन्ही चुकीची असतील. वजनाचं हे सारखं होतं. स्ट्रेचरवर आलेल्या पेशंटचं वजन नातेवाइकाला विचारून "साठ" लिहिलं जातं आणि पुढं तेच खरं होऊन बसतं. कागदावर अंदाजे असेल तर हेपॅरिन चालू करण्याआधी डॉक्टरांना तसं सांगा, आणि शक्य होताच वजन करा.

दुसरी गोष्ट रेफरल चिठ्ठीची. अथणी, रायबागकडून पेशंट बेळगावला येतो तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी रक्त पातळ करणारं इंजेक्शन सकाळीच दिलेलं असू शकतं, एनॉक्सापॅरिन वगैरे. ते चिठ्ठीत एका ओळीत असतं आणि चिठ्ठी मुलाच्या खिशात. म्हणून हेपॅरिनच्या तपासणीत दुसऱ्या सिस्टरनं गणिताबाहेरचे प्रश्न विचारायचे: आज कुठं कुठलं इंजेक्शन घेतलं? हिरड्यांतून, लघवीतून रक्त जातंय का? प्लेटलेटचा शेवटचा आकडा किती? उत्तर खटकलं तर गणित जुळूनही औषध थांबवून डॉक्टरांना कळवायचं.

हेपॅरिन जास्त गेल्याचं लक्षात आलं तर आधी पंप बंद करा आणि मग फोन करा. उतारा म्हणून प्रोटामाइन द्यायचं की नाही ते डॉक्टर ठरवतील. त्यांना नेमके किती युनिट, किती वेळात गेले हे लागेल, म्हणून सिरिंज आणि व्हायल तशीच जपून ठेवा.

रात्री एकटीच असाल तर

तालुक्याच्या छोट्या नर्सिंग होममध्ये रात्री एकच सिस्टर असते, हे मला माहीत आहे, मी तशी ड्युटी केली आहे. ड्युटी डॉक्टर इमारतीत असतील तर दुसरी तपासणी त्यांची. त्यांना उठवायचं, आणि त्यांनाही आकडा आधी सांगायचा नाही. शेजारच्या वॉर्डातली सिस्टर पाच मिनिटं येऊ शकत असेल तर ती. वॉर्डबॉय किंवा नातेवाईक यांना यात घ्यायचं नाही.

कुणीच नसेल तर ट्रे झाकून ठेवा, दुसरं एखादं काम करून या आणि मग ऑर्डर पुन्हा वाचून, पहिला कागद न बघता, व्हायलपासून ऑर्डरकडे उलटं गणित करा. याला दोघींच्या तपासणीची किंमत नाही, कारण जी समजूत पहिल्यांदा चुकली ती दुसऱ्यांदाही चुकू शकते. पण लेबल वाचण्यातली घाई यात पकडली जाते. चार्टवर "एकटीने दोनदा तपासले" असंच लिहा. सकाळी येणाऱ्या सिस्टरची सही मागून घेऊ नका. ती सही दिसली की प्रशासनाला वाटतं रात्री दोघी असतात, आणि दुसरी सिस्टर कधीच मिळत नाही.

इनचार्ज सिस्टरसाठी एक सांगते. महिन्याच्या शेवटी चार्ट काढा आणि सह्यांच्या वेळा बघा. आठ पेशंटच्या दुसऱ्या सह्या एकाच मिनिटाला असतील तर तपासणी झालेली नाही. मग वहीत बघा, आकडे न जुळल्याच्या किती नोंदी आहेत. आमच्याकडे पहिल्या महिन्यात एकही नव्हती आणि मला आनंद झाला होता. नंतर कळलं, सिस्टर फरक आला की कागद फाडून गुपचूप दुरुस्त करत होत्या, कारण आधीच्या एका बैठकीत मी एकीला सगळ्यांसमोर बोलले होते. मी तिची माफी मागितली, तीही सगळ्यांसमोरच. पुढच्या महिन्यात वहीत चार नोंदी आल्या, त्यातली एक व्हायलच्या ताकदीची.

त्या नोंदीनंतर आम्ही पाच हजारवाल्या व्हायल वॉर्डाच्या ट्रॉलीतून काढून कुलपाच्या कपाटात वेगळ्या खणात ठेवल्या. खणावर मराठी, कानडी, इंग्रजी तिन्हींत लाल अक्षरांत लिहिलंय: एमएलला ५०००.